एजन्सीतर्फे कामाला असलेल्या बहिणीची पॉशची म्हणजे कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाची तक्रार : तीन महिने उलटलेत, आता कोणत्या कमिटीकडे जायचं?

मधुरा_एम
नमस्कार मंडळी. प्रश्न माझ्या मामेबहिणीचा आहे, तिला विचारूनच लिहितेय. ती एका मॅनपॉवर एजन्सीच्या पगारावर आहे पण दीड वर्षापासून रोज बसते एका मोठ्या कंपनीच्या ऑफिसात. तिथला टीम लीड कंपनीचा पर्मनंट माणूस. १२ जानेवारीला टीमचं जेवण होतं, परत येताना कंपनीच्या कॅबमध्ये तो हिच्या शेजारी बसला आणि अंगचटीला आला, हिने ड्रायव्हरला गाडी थांबवायला लावली आणि पुढे बसली. मग रात्री अपरात्री मेसेज सुरू झाले, आधी सॉरी सॉरी आणि मग परत तेच, तू किती छान दिसतेस, एकटी भेट वगैरे. शेवटचा मेसेज ३ मार्चचा, त्यानंतर तिने त्याला ब्लॉक केलं. मे महिन्यात त्याने तिच्याकडचं चांगलं काम काढून घेऊन तिला नुसतं डेटा भरायला बसवलं.

एप्रिलमध्ये तिने एजन्सीच्या एचआरला फोनवर सांगितलं तर म्हणे हा क्लायंटकडचा मामला आहे, तिकडे बोला. तिकडे गेली तर क्लायंटची एचआर म्हणते तुम्ही आमच्या रोलवर नाही, एजन्सीतर्फे या. आज १८ जून. कुणी म्हणतंय तीन महिन्यांची मुदत असते आणि ती संपली. खरंच संपली का? आणि ती फार घाबरलीय, तिच्या ऐवजी मी तक्रार दिली तर चालेल का?

अण्णा_पर्सोनेलवाले
मधुराताई, मी ३० वर्षं पर्सोनेलमध्ये काढली आहेत त्यामुळे स्पष्ट सांगतो, वाईट वाटून घेऊ नका. कायद्यात तीन महिने म्हणजे तीन महिने. ३ मार्चपासून ३ जूनला मुदत संपली. आणि दुसरं, कॉन्ट्रॅक्टवरची मुलगी म्हणजे तिचा मालक एजन्सी, तेव्हा तक्रार एजन्सीच्या कमिटीकडेच जाणार आणि ती कमिटी दुसऱ्या कंपनीच्या माणसाला बोलवू शकत नाही. आता फक्त पोलीस.

बाहेरची_मेंबर
अण्णा, तुमचं तीन महिन्यांचं गणित बरोबर आहे पण अर्धंच सांगितलंत, आणि कॉन्ट्रॅक्टचं मात्र साफ चुकलंय.

मी एका संस्थेत काम करते आणि चार कंपन्यांच्या इंटर्नल कमिटीवर बाहेरची सदस्य आहे, कायद्याने प्रत्येक कमिटीत एक तरी माणूस बाहेरचा लागतो ती मी. (नियमात आमचा भत्ता दिवसाला २०० रुपये लिहिलाय, कुणाला वाटत असेल की आम्ही यात पैसे छापतो तर म्हणून सांगितलं.)

आधी कुणाकडे जायचं ते बघू. २०१३ च्या पॉश कायद्यात कर्मचारी म्हणजे पर्मनंट, टेम्पररी, रोजंदारीवरची, ठेकेदारामार्फत आलेली, ट्रेनी, अप्रेंटिस, अगदी बिनपगारी व्हॉलंटियर सुद्धा. आणि तक्रार करणारी बाई तिथे नोकरीलाच असावी असंही नाही, कामानिमित्त आलेली बाहेरची बाई पण करू शकते. त्यामुळे रोलवर नाही हे वाक्य त्या एचआरने कुठून काढलं देव जाणे. ती रोज जिथे बसते ते कामाचं ठिकाण त्या कंपनीचं, माणूस त्या कंपनीचा, कॅब पण त्याच कंपनीने दिलेली आणि मालकाने दिलेली गाडी कामाचं ठिकाण धरतात हे कायद्यातच लिहिलंय. म्हणजे तक्रार त्या कंपनीच्या, त्याच ऑफिसच्या कमिटीकडे. एक प्रत एजन्सीला पाठवा म्हणजे त्यांना आम्हाला माहीतच नव्हतं म्हणता येणार नाही.

दुसऱ्या ऑफिसातल्या माणसाला बोलवता येत नाही हे पण आता राहिलं नाही. डिसेंबर २०२५ मध्ये सुप्रीम कोर्टाने एका सरकारी अधिकाऱ्याच्या केसमध्ये सांगितलं की बाईच्या स्वतःच्या ऑफिसची कमिटी दुसऱ्या खात्यातल्या माणसाविरुद्धची तक्रार चालवू शकते आणि त्याच्या खात्याने सहकार्य करायचं.

आता मुदत. शेवटच्या प्रसंगापासून तीन महिने हे खरं. पण त्या काळात बाईला तक्रार करता आली नाही अशी परिस्थिती होती हे कमिटीला पटलं तर कमिटी कारणं लिहून ठेवून आणखी तीन महिन्यांपर्यंत मुदत वाढवू शकते. शेवटचा प्रसंग ३ मार्च धरला तर ३ जूनला पहिली मुदत संपली आणि शेवटची हद्द ३ सप्टेंबर. ती आज १५ दिवस उशिरा आहे. पण वाढ आपोआप मिळत नाही, मागावी लागते. म्हणून तक्रारीत उशिराचं कारण हा वेगळा परिच्छेद टाका. एप्रिलमध्ये अमुक तारखेला एजन्सीच्या एचआरशी बोलले, त्यांनी तिकडे पाठवलं, तिकडून परत इकडे, फोनचा कॉल लॉग सोबत जोडला आहे. हे कारण खोटं पण नाही आणि कमजोर पण नाही.

शुभदा७
वाचून अंगावर काटा आला. माझी गोष्ट थोडी वेगळी, आमचं ऑफिस सहा माणसांचं आणि त्रास देणारा स्वतः मालक. कमिटी कुठली काढणार आणि कोण? तेव्हा मला कुणीतरी सांगितलं की दहापेक्षा कमी माणसं असतील किंवा तक्रार खुद्द मालकावर असेल तर जिल्ह्याची स्थानिक समिती असते. जिल्हाधिकारी कार्यालयात गेले तर तिथून महिला व बालविकासच्या ऑफिसात पाठवलं, तिथे एका बाईंनी तक्रार घेतली, पोच दिली. चौकशी झाली पण नव्वद दिवसांचे सात महिने झाले. शेवटी माझ्या बाजूने अहवाल आला पण तोवर मी नोकरी सोडली होती. असो. मधुरा, बहिणीला एकटीला पाठवू नकोस.

नुसता_वाचक
माझा प्रश्न पण घ्या कुणीतरी. माझा बॉस मीटिंगमध्ये सगळ्यांसमोर आई बहिणीवरून शिव्या देतो. मी पुरुष आहे. मी इंटर्नल कमिटीकडे जाऊ का, तीन महिन्यांच्या आत आहे अजून.

एचआरमधला_मी
@नुसता_वाचक नाही हो. हा कायदा बायकांच्या लैंगिक छळासाठी आहे, तुमच्या केसला कंपनीची शिस्तीची पॉलिसी किंवा ग्रीव्हन्सचा मेल. काही कंपन्यांची स्वतःची पॉलिसी सगळ्यांना लागू असते, पुरुषांच्या लैंगिक छळाला पण, ती वाचा. पण नुसत्या शिव्या म्हणजे पॉश नव्हे.

आता मधुराताईंना, मी एचआरमध्येच आहे त्यामुळे आमच्या जातभाईंची पापं माहितीयत. सगळ्यात मोठं पाप म्हणजे कमिटीकडे न देता एचआर स्वतःच आधी जरा चौकशी करून बघतो. म्हणजे त्या माणसाला केबिनमध्ये बोलवून अरे असं काही झालं का रे विचारतो, आणि तो संध्याकाळपर्यंत सगळे चॅट डिलीट करून दोन साक्षीदारांना चहा पाजून तयार करतो. तक्रार कमिटीच्या अध्यक्ष मॅडमच्या नावाने थेट द्या, एचआर मॅनेजरच्या नावाने नको. ऑफिसात दिसेल अशा ठिकाणी कमिटीचा आदेश लावणं मालकावर बंधनकारक आहे, तिथे नावं मिळतील. नसेल तर मेल टाकून मागा, तो मेल पण पुरावाच.

मधुरा_एम
बाहेरची_मेंबर ताई खूप खूप आभार. बोर्डवर कागद आहे म्हणे पण त्यावर चार नावं, तीन पुरुष आणि एक मॅडम, सगळे हेड ऑफिसचे. बाहेरचं कुणीच नाही. आणि माझं ते राहिलं, मी तक्रार देऊ का?

बाहेरची_मेंबर
मग ती कमिटीच नाही, नुसता कागद आहे. अध्यक्ष म्हणून त्या कामाच्या ठिकाणची वरच्या पदावरची बाई, कर्मचाऱ्यांमधून किमान दोन सदस्य, एक बाहेरचा, आणि एकूणात निम्म्या तरी बायका. शिवाय मुदत जास्तीत जास्त तीन वर्षं, त्यामुळे आदेशाची तारीख बघा. आणि कमिटी प्रत्येक ऑफिसला हवी, हेड ऑफिसची एकच सगळ्या शाखांना पुरत नाही. हे बारकावे एवढ्यासाठी महत्त्वाचे की अशा कमिटीने सहा महिने घासून तुमच्या बाजूने अहवाल दिला आणि तो माणूस कोर्टात गेला, तर पहिला मुद्दा हाच घेणार की कमिटीच बरोबर नव्हती, आणि सगळं पाण्यात. म्हणून तक्रारीसोबतच एक ओळ लिहा, कमिटीची रचना कायद्याप्रमाणे करून मगच चौकशी करावी. कमिटी नसली तर मालकाला ५०,००० रुपयांपर्यंत दंड आहे, हे कंपनीच्या लीगलवाल्यांना माहीत असतं, फटाफट बाहेरचा सदस्य शोधतात. त्यासाठी तक्रार द्यायची थांबू नका मात्र, तुमची मुदत चालूच आहे.

तुमच्याबद्दल. तिला स्वतःला लिहिणं जमत नसेल तर तुम्ही देऊ शकता, पण तिची लेखी संमती लागते आणि तुम्हाला त्या गोष्टीची माहिती हवी. तरी माझा सल्ला, तक्रार तिच्या सहीने जाऊ दे. चौकशीत बोलायचं तिलाच आहे, आणि तुमच्या सहीची असली की समोरचा म्हणतो हे घरच्यांनी रचलं. लिहायला जमत नसेल तर अध्यक्षांनी किंवा सदस्याने लिहायला मदत करायची असते, ते त्यांचं काम आहे, मेहेरबानी नाही.

अण्णा_पर्सोनेलवाले
ताई कॉन्ट्रॅक्टचं मान्य, माझी माहिती जुनी होती. पण सहा प्रती लागतात हे सांगा त्यांना, नियमात आहे. पाच आणल्या म्हणून परत पाठवलेली तक्रार मी पाहिली आहे.

बाहेरची_मेंबर
हो, नियमात सहा आहेत, सोबत कागदपत्रं आणि साक्षीदारांची नावं पत्ते. पण त्यावरून बाईला परत पाठवणं म्हणजे कमालच आहे, झेरॉक्स मशीन ऑफिसातच असतं. मेलवर पाठवा आणि सहा प्रती पण देऊन शिक्का तारखेसकट पोच घ्या, दोन्ही करा. साक्षीदारांत कॅब ड्रायव्हरचं नाव विसरू नका आणि त्या रात्रीची कॅबची नोंद कंपनीकडे असणार, ती मागवून घ्या असं तक्रारीतच लिहा. कमिटीला कागद मागवायचे आणि माणसं बोलवायचे दिवाणी कोर्टासारखे अधिकार असतात. मेसेजचे स्क्रीनशॉट कापू नका, नंबर आणि तारीख दिसू दे, आणि मूळ फोन विकू बदलू नका.

कोर्टाची_पायरी
माझ्या मते मुदतीचा प्रश्नच येत नाही. मे महिन्यात काम काढून घेतलं ना, तो पण छळाचाच भाग, म्हणजे शेवटचा प्रसंग मे मधला, तीन महिने अजून संपलेलेच नाहीत. उशिराचं कारण वगैरे लिहून आपणच आपली बाजू कशाला पाडायची?

बाहेरची_मेंबर
तुमचा मुद्दा चुकीचा नाही पण त्यावर सगळा डाव लावू नका. एका विधी विद्यापीठातल्या प्राध्यापिकेची कुलगुरूंविरुद्धची केस बघा, सुप्रीम कोर्ट, सप्टेंबर २०२५. शेवटचा लैंगिक छळाचा प्रसंग एप्रिल २०२३ चा, तक्रार डिसेंबर २०२३ ची. नंतर त्यांना एका पदावरून काढलं होतं, तर म्हणणं होतं की तो छळ पुढे चालूच होता. कोर्टाने सांगितलं की ती प्रशासकीय कारवाई, तिला लैंगिक छळाशी जोडता येत नाही, तक्रार मुदतबाह्य. त्यांची तर सहा महिन्यांची हद्दच ओलांडली होती. गंमत अशी की त्याच कोर्टाने हा निकाल कुलगुरूंच्या बायोडेटात लावायला सांगितला.

कोर्टाची_पायरी
ते वेगळं आहे ताई. तिथे पदावरून काढण्याच्या निर्णयात इतर लोक होते, इथे तोच माणूस स्वतः काम काढून घेतोय, आणि नकार दिला म्हणून नोकरीत त्रास हे कायद्याच्या कलमातच आहे.

बाहेरची_मेंबर
असेल, आणि मी तुमच्या बाजूने वाद पण घालीन, पण माझ्या दुसऱ्या कमिटीतले सदस्य माझ्याशी सहमत होणार नाहीत हेही मला माहीत आहे. म्हणून दोन्ही लिहा. मे मधला बदल तारखेसकट सांगा आणि म्हणा की हा त्याचाच पुढचा भाग आहे, आणि तरीही ३ मार्च हाच शेवटचा प्रसंग धरला तर उशीर १५ ते २० दिवसांचा, त्याची कारणं ही, मुदत वाढवावी. एक दोर तुटला तर दुसरा हातात.

चाकोरीबाहेर
एक शंका. समजा कमिटीला पटलं नाही, पुरावा कमी पडला, तर खोटी तक्रार म्हणून उलट त्या मुलीवरच कारवाई होते ना? आमच्या इथे असं सांगून एकीला गप्प केलं.

एचआरमधला_मी
हे धमकी द्यायला फार वापरतात. सिद्ध झालं नाही म्हणजे खोटं असं होत नाही, कायद्यात स्पष्ट लिहिलंय. मुद्दाम, दुष्ट हेतूने खोटं केलं हे वेगळी चौकशी करून ठरवावं लागतं. मी आजवर एक पण तशी केस बघितली नाही, तरी प्रत्येक ट्रेनिंगला पहिला प्रश्न हाच.

आणि मिटवून टाका म्हणतील त्याला पण तयार रहा. समझोता फक्त तिने मागितला तरच, चौकशी सुरू व्हायच्या आधी, आणि पैशावर होत नाही. एकदा समझोता झाला की पुढे चौकशी नाही.

मधुरा_एम
दिली तक्रार! काल २२ जूनला. तिच्याच सहीने, मी नुसती बाहेर लॉबीत बसले होते. पोच मिळाली. अध्यक्ष मॅडम म्हणाल्या बाहेरचा सदस्य नेमायचं काम चालू आहे. आता पुढे काय काय कधी होतं ते जरा तारखांसकट सांगाल का, ती रोज विचारते.

बाहेरची_मेंबर
शाब्बास तिला. २२ जूनपासून सात कामाच्या दिवसांत त्याला प्रत गेली पाहिजे, म्हणजे सुट्ट्या धरून १-२ जुलै. त्याला मिळाल्यापासून दहा कामाच्या दिवसांत त्याचा खुलासा, म्हणजे जुलैच्या मध्यापर्यंत. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची, मी तक्रारीच्या तारखेपासून मोजते, तुमची २० सप्टेंबर येते. चौकशी संपल्यापासून दहा दिवसांत अहवाल, तो दोघांनाही द्यायचा, ३० सप्टेंबर धरा. मग मालकाने साठ दिवसांत शिफारशीवर कृती करायची म्हणजे नोव्हेंबरअखेर. पटलं नाही तर शिफारशीपासून नव्वद दिवसांत अपील, दोघांनाही.

हे झालं कागदावर. खरं कुठे अडतं तर त्याच्या खुलाशात आणि तारखांत. तो आजारी पडेल, मग टूरवर जाईल. ओळीने तीन वेळा सबळ कारणाशिवाय आला नाही तर पंधरा दिवसांची लेखी नोटीस देऊन कमिटी एकतर्फी निर्णय करू शकते, पण हेच तिलाही लागू आहे, ती तीनदा गैरहजर राहिली तर तक्रार बंद होऊ शकते. तेव्हा तारखा चुकवू नका. वकील दोघांनाही आणता येत नाही. बैठकीला अध्यक्ष धरून किमान तीन सदस्य हवेत, तिने प्रत्येक वेळी घरी येऊन कोण कोण होतं ते वहीत लिहायचं.

आणि आजच एक अर्ज द्या. चौकशी चालू असेपर्यंत त्याची किंवा तिची बदली, नाहीतर तिला तीन महिन्यांपर्यंत जादा रजा मागता येते, ती तिच्या हक्काच्या रजेतून कापत नाहीत. शिवाय तिच्या कामाचा शेरा त्याने लिहू नये असं पण मागता येतं. तुमच्या केसमध्ये मला हा शेवटचा मुद्दा सगळ्यात उपयोगी वाटतो, कारण एजन्सीचं कॉन्ट्रॅक्ट रिन्यू होताना त्याचाच फीडबॅक जाणार.

शुभदा७
हे मला कुणी सांगितलंच नव्हतं :( मी सात महिने बिनपगारी रजेवर होते.

अण्णा_पर्सोनेलवाले
मधुराताई, एक विनंती. कंपनीचं नाव, त्याचं नाव, तिचं नाव इथे कुणीही विचारलं तरी टाकू नका. गुप्ततेचं कलम आहे आणि चौकशीतली माहिती बाहेर गेली तर कमिटीवाल्यांना ५,००० दंड आहे, पण इकडे लिहिलेलं तो माणूस वाचून कमिटीपुढे छापून आणेल ते वेगळंच.

मधुरा_एम
नाही काका, तारखा पण मी थोड्या मागेपुढे केल्यात. अर्ज काल दिला. आज मेल आला की तिला दुसऱ्या मजल्यावरच्या टीममध्ये बसवताहेत, आणि बाहेरच्या सदस्याच्या नेमणुकीचा नवा आदेश जोडलाय. मुदतवाढीबद्दल मात्र काहीच लिहिलं नाही. ते मान्य झालं असं समजायचं का?

बाहेरची_मेंबर
समजू नका. कारणांसकट लेखी निर्णय मागा आणि तो फाईलला लागलाय याची खात्री करा. चौकशी चालू केली म्हणजे वाढ दिली असं कमिटीला वाटतं, आणि अपिलात तेवढ्यावरूनच सगळं उलटतं.